दोन कपॅसिटर जोडले आणि ७.७८ मिलिजूल गेले कुठे?

बारावीच्या भौतिकशास्त्रात हे प्रकरण चार सूत्रांत उरकतं. समांतर जोडणीत धारिता बेरजेने वाढते, एकसर जोडणीत व्यस्तांची बेरीज घ्यायची, साठलेली ऊर्जा ½CV², आणि दोन चार्ज केलेले कपॅसिटर जोडले की चार्ज वाटला जातो. पहिल्या तिन्हींत मला काही अडचण आली नाही. चौथ्यात मात्र उत्तराच्या शेवटी एक ओळ असते, 'उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपात खर्च होते', आणि तिथेच सगळे थांबतात. किती खर्च होते ते गणित सांगतं. पण तारेला रोध नाही असं मानून गणित केलं तरी तेवढीच ऊर्जा कशी जाते, हे कुणी सांगत नाही. ते टेबलावर करून बघितल्याशिवाय मला पटलं नाही.

सामान साधं आहे: २५ व्होल्टचे दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, एक १००० आणि एक ४७० मायक्रोफॅरडचा, १२ व्होल्टचा रेग्युलेटेड अ‍ॅडॅप्टर, ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर, मल्टिमीटर, आणि १०० ओहम, १ किलोओहम व १० किलोओहमचे रेझिस्टर. मोठा कपॅसिटर १२ व्होल्टला चार्ज केला, छोटा ५ व्होल्टला. मग दोघांची ऋण टोकं एकत्र केली आणि धन टोकं १० किलोओहममधून जोडली.

छापील आकड्यांनी हिशेब केला तर मोठ्यावर १२ मिलिकूलंब, छोट्यावर २.३५, एकूण १४.३५. त्याला १४७० मायक्रोफॅरडने भागलं की ९.७६ व्होल्ट. मीटरवर आले ९.४४. पुन्हा केलं, पुन्हा ९.४४. इथे बराच वेळ गेला, कारण मी चूक सूत्रात शोधत होतो आणि ती कपॅसिटरच्या अंगावर छापलेली होती. साध्या इलेक्ट्रोलिटिकची खरी धारिता छापील आकड्यापेक्षा २० टक्के कमी-जास्त असू शकते. स्वस्त मीटरवर इतकी मोठी धारिता मोजता येत नाही, म्हणून दुसरी वाट धरली. कपॅसिटर १२ व्होल्टला चार्ज करायचा, अ‍ॅडॅप्टर काढायचा, १० किलोओहममधून रिकामा होऊ द्यायचा आणि व्होल्टेज ४.४१ वर, म्हणजे सुरुवातीच्या ३७ टक्क्यांवर, यायला किती सेकंद लागतात ते बघायचं. सेकंदांना १०,००० ने भागलं की धारिता फॅरडमध्ये मिळते. मोठ्याला ८.७ सेकंद लागले, म्हणजे ८७० मायक्रोफॅरड. छोट्याला ५.०, म्हणजे ५००. आता हिशेब: १०.४४ अधिक २.५ मिलिकूलंब, भागिले १३७०, बरोबर ९.४४ व्होल्ट. एकसर-समांतरची सूत्रं तपासायची असतील तर हे मोजमाप आधी करा, नाहीतर दिवसभर सूत्रांना दोष देत बसाल.

आता ऊर्जा. जोडण्याआधी मोठ्यात ६२.६४ मिलिजूल, छोट्यात ६.२५, एकूण ६८.८९. जोडल्यावर १३७० मायक्रोफॅरड आणि ९.४४५ व्होल्ट, म्हणजे ६१.११. गेले ७.७८ मिलिजूल. चार्जचा एक कणही हरवला नाही, ऊर्जा मात्र कमी झाली.

मग १० किलोओहमच्या जागी १०० ओहम लावला. शेवटचं व्होल्टेज तेच, ९.४४. १ किलोओहमलाही तेच. नुसती तार टेकवली तर छोटी ठिणगी दिसते आणि तरीही ९.४४ च. रोध शंभरपट बदलला तरी नुकसानीत काडीचा फरक नाही, आणि खरं कोडं हेच आहे.

ते सुटतं ते रेझिस्टरमधल्या उष्णतेचा वेगळा हिशेब मांडल्यावर. जोडताक्षणी रेझिस्टरवर ७ व्होल्टचा फरक असतो. १० किलोओहममधून ०.७ मिलिअँपिअर वाहतात, म्हणजे पहिल्या क्षणाला ४.९ मिलिवॉट. चार्ज एका कपॅसिटरमधून निघून दुसऱ्यात शिरतो, त्यामुळे या वाटेवर दोन्ही कपॅसिटर एकसर आहेत. त्यांची एकसर धारिता ३१७.५ मायक्रोफॅरड आणि कालांक, म्हणजे फरक ३७ टक्क्यांवर उतरायला लागणारा वेळ, रोध गुणिले धारिता, ३.१७५ सेकंद. व्होल्टेजचा फरक आणि प्रवाह दोन्ही सारखेच उतरत जातात, म्हणून उष्णतेची शक्ती दुप्पट वेगाने उतरते आणि एकूण उष्णता येते पहिली शक्ती गुणिले अर्धा कालांक. ४.९ गुणिले १.५८८, म्हणजे ७.७८ मिलिजूल. १०० ओहमला पहिली शक्ती ४९० मिलिवॉट, शंभरपट जास्त. पण कालांक ३१.७५ मिलिसेकंद, शंभरपट कमी. गुणाकार पुन्हा ७.७८. रोध फक्त किती वेळात हे ठरवतो, किती हे नाही. अक्षरांत लिहिलं तर R कापला जातो आणि उरतं एवढंच:

```
ΔU = ½ · [C1·C2/(C1+C2)] · (V1−V2)²
```

कंसातली राशी म्हणजे एकसर जोडणीची समतुल्य धारिता. हे सूत्र पाठ करायची गरजच नाही: वाटणी ही एकसर जोडलेल्या दोन कपॅसिटरचं, त्यांच्यातल्या व्होल्टेजच्या फरकाचं, विसर्जन आहे. एक कपॅसिटर भरलेला आणि दुसरा तेवढ्याच धारितेचा रिकामा असेल तर बरोबर अर्धी ऊर्जा जाते, तेही यातूनच निघतं. रोध शून्य मानला की प्रवाह अनंत येतो; खऱ्या तारेत तसं होत नाही, तिथे कपॅसिटरचा आतला रोध, ठिणगी आणि थोडं प्रारण हीच उष्णता वाटून घेतात. रेझिस्टरऐवजी कॉइल आणि डायोड योग्य रीतीने लावले तर मात्र यातली बरीच ऊर्जा वाचवता येते. नुकसान चार्जच्या वाटणीत मुळातच आहे असं नाही, ते रोधाच्या वाटेने जाण्यात आहे.

सुरुवातीलाच सांगायला हवं होतं असं एक: कपॅसिटर 'रिकामा' म्हणून वापरण्याआधी १ किलोओहमने काही मिनिटं शॉर्ट ठेवा. क्षणभर शॉर्ट करून सोडला तर इलेक्ट्रोलिटिकमध्ये थोडं व्होल्टेज आपोआप परत चढतं आणि हिशेब बिघडतो.

एकसर जोडणी तपासताना हे जास्त नडतं, कारण दोन्हींवर सारखा चार्ज हा नियम दोन्ही सुरुवातीला रिकामे असतील तरच लागू होतो. माझ्या जोडीला १२ व्होल्ट दिल्यावर मोठ्यावर ४.३८ आणि छोट्यावर ७.६२ यायला हवेत. जास्त व्होल्टेज छोट्यावर येतं. रेटिंग निवडताना नेमकं हेच विसरलं जातं. वाचन पहिल्या मिनिटाच्या आत घ्या. जोडणी तशीच सोडून दिली तर मधल्या बिंदूचं व्होल्टेज हळूहळू सरकतं, कारण नंतर वाटणी धारिता ठरवत नाही, प्रत्येकाची गळती ठरवते. पॉवर सप्लायमध्ये एकसर कपॅसिटरवर समान रेझिस्टर लावलेले दिसतात ते याचसाठी.

पुस्तकातलं उलट जोडणीचं गणित, म्हणजे एकाचं धन टोक दुसऱ्याच्या ऋणाला, इलेक्ट्रोलिटिकवर करू नका. माझ्या आकड्यांत शेवटी ५.८ व्होल्ट उरतात आणि ते छोट्यावर उलटे पडतात. तो गरम होऊन फुगू शकतो. त्यासाठी फिल्म कपॅसिटर घ्या, पण मग मीटर आड येतो. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १० मेगाओहमच्या मीटरमधून १० सेकंदांतच ३७ टक्क्यांवर उतरतो, म्हणून मीटर टेकवताक्षणीचा पहिला आकडाच लिहून घ्यायचा.