रिकामी सेल, शून्य आणि दाजींची द्राक्षबाग

गेले दोन शनिवार-रविवार एकाच शीटवर गेले. आमचे दाजी तासगाव तालुक्यात द्राक्ष करतात. त्यांच्याकडे १० लाख रुपये आहेत आणि समोर दोन वाटा. शेजारची चालू बाग चार वर्षांसाठी खंडाने घ्यायची, किंवा स्वतःच्या रानात नवी बाग उभी करायची. दोन्हींत पैसे एकदाच घालायचे, पण परत येण्याची चाल एकदम वेगळी. असली जोडी एक्सेलच्या IRR ला, म्हणजे परताव्याचा वार्षिक दर काढणाऱ्या फंक्शनला, घालून बघायची माझी फार दिवसांची इच्छा होती.

आकडे दाजींनी त्यांच्या वहीतून सांगितले, खर्च वजा करून हातात राहणारे. सगळे लाखांत. जुन्या बागेची वेल थकत आलेली, त्यामुळे पहिल्या वर्षी ६, मग ४, मग ३ आणि शेवटी १. नव्या बागेला पहिलं वर्ष काहीच नाही. दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्याला ५ आणि चौथ्याला ९. या ९ मधले ५ पिकाचे आणि ४ ही त्या वेळी उभ्या असलेल्या बागेची किंमत, कारण खंडाची बाग चार वर्षांनी मालकाकडे परत जाते आणि ही मात्र दाजींचीच राहते.

A रकान्यात वर्षाचा क्रमांक ० ते ४, B मध्ये जुनी बाग, C मध्ये नवी. घातलेले १० लाख उणे चिन्हाने.

```
=IRR(B2:B6)
=IRR(C2:C6)
```

जुन्या बागेचं उत्तर आलं १९.९७ टक्के, नव्या बागेचं २१.७६. नवी बाग पुढे. मी दाजींना फोन करून सांगूनही टाकलं.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात हिशेब चालू होता आणि ते २१.७६ गळी उतरेना. नव्या बागेत १० चे चार वर्षांत १६ होतात. सगळेच्या सगळे १६ चौथ्या वर्षी आले असते तर दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास बसतो. थोडे पैसे आधी येतात म्हणून तो दोन-तीन टक्क्यांनी वाढेल, नऊने कसा वाढेल? उठलो, लॅपटॉप उघडला.

पहिली शंका फंक्शनवरच आली. IRR म्हणजे ज्या दराने सगळ्या रकमांची आजची किंमत शून्य होते तो दर, म्हणून तोच दर आजची किंमत काढणाऱ्या NPV मध्ये घालून पाहिला. NPV पहिल्याच आकड्यालाही एक वर्ष मागे ओढते, त्यामुळे सुरुवातीचे १० लाख तिच्या बाहेर ठेवावे लागतात:

```
=C2+NPV(21.76%,C3:C6)
```

उत्तर शून्याला चिकटून. म्हणजे पडताळणी पास. इथे मी जवळजवळ लॅपटॉप मिटला होता.

मग वर्षागणिक हाताने मागे आणलं. दर G1 मध्ये ठेवला आणि शेजारच्या रकान्यात हे सूत्र खालपर्यंत ओढलं:

```
=C2/(1+$G$1)^A2
```

बेरीज आली उणे १.७९ लाख. शून्याच्या जवळपाससुद्धा नाही. आता चूक कुठे आहे ते डोळ्यांसमोर होतं: C3. पहिल्या वर्षी नव्या बागेतून काही येत नाही म्हणून मी ती सेल रिकामी सोडली होती. एक्सेलमध्ये IRR ला रेंज दिली की ती रिकाम्या सेल सरळ वगळते. वर्षाचा क्रमांक तिला माहीतच नसतो, ती फक्त आकड्यांचा क्रम बघते. त्यामुळे तिच्या लेखी दाजींना २ लाख पहिल्याच वर्षी मिळाले आणि ९ लाख तिसऱ्या वर्षी. चार वर्षांची बाग तीन वर्षांत आटोपली. आणि NPV चीही हीच सवय, म्हणून तिने त्याच चुकीवर शिक्कामोर्तब केलं. एकाच चुकीत असलेल्या दोघांना एकमेकांचे साक्षीदार करून उपयोग नसतो, हाताने केलेला रकाना वेगळा ठरला तो त्यात वर्षाचा क्रमांक होता म्हणून.

C3 मध्ये ० टाइप केला. दर २१.७६ वरून १४.८१ वर आला. एका शून्याने क्रमच उलटला.

आता प्रत्येक शीटमध्ये रकान्याखाली ही एक ओळ ठेवतो. `FALSE` आलं की कुठेतरी भोक आहे:

```
=COUNT(C2:C6)=ROWS(C2:C6)
```

सकाळी दाजींना पुन्हा फोन केला, चूक सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "मग जुनी घ्यायची म्हनता?" २० आणि १५ मध्ये कोणीही २० म्हणेल. पण मला हो म्हणवेना, आणि दुसरा अख्खा रविवार याच प्रश्नाने खाल्ला.

टक्का हा अडकून पडलेल्या पैशावरचा वेग आहे. जुनी बाग ६ लाख पहिल्याच वर्षी सोडून देते, त्यानंतर थोडेच पैसे २० टक्क्यांनी पळत असतात. नव्या बागेत जास्त पैसे जास्त काळ १५ टक्क्यांनी पळतात. मग जुन्या बागेतून लवकर सुटलेल्या पैशाचं पुढे काय होतं यावर सगळं आलं, आणि त्याबद्दल IRR काहीच सांगत नाही. ७ टक्के धरून आजची किंमत काढली तर जुनी बाग २.३१ लाख फायदा दाखवते, नवी २.६९. नवी ३८ हजारांनी पुढे. १२ टक्के धरले तर जुनी १.३२, नवी ०.८७. आता जुनी ४४ हजारांनी पुढे. आकडे तेच, बाग तीच, फक्त दर बदलला.

पालटायची जागा शोधायची तर D रकान्यात नवी उणे जुनी करायचं. ० वर्षाला शून्य येतो, मग उणे ६, उणे २, अधिक २, अधिक ८. याचा अर्थ नीट वाचण्यासारखा आहे. नवी बाग निवडणं म्हणजे जुनीच्या तुलनेत पहिल्या वर्षी ६ लाख आणि दुसऱ्या वर्षी २ लाख सोडून द्यायचे, आणि बदल्यात पुढे २ आणि ८ लाख जादा घ्यायचे. ही स्वतःच एक गुंतवणूक झाली.

```
=IRR(D3:D6)
```

उत्तर ९.१ टक्के. चिन्ह एकदाच पालटतं, त्यामुळे दुसरं कुठलं उत्तर लपून बसलेलं नाही. ज्याचे सुटलेले पैसे ९.१ पेक्षा कमी दराने पडून राहणार त्याने नवी बाग लावावी, ज्याचे जास्त दराने कामाला लागणार त्याने जुनी घ्यावी. प्रश्न आता बागेचा राहिलाच नाही, दाजींच्या ६ लाखांचा झाला.

म्हणून फोनवर तेवढंच विचारलं: दाजी, पहिल्या वर्षी ६ लाख आले तर कुठे ठेवणार?

"ठेवतोय कुठं पाव्हणं? ट्रॅक्टरचं कर्ज हाय न्हवं, बारा टक्क्यानं. पैलं ते फेडणार."

कर्ज फेडलं की १२ टक्के व्याज वाचतं, म्हणजे ते पैसे १२ टक्क्यांनी कामाला लागले. त्यांच्यासाठी जुनी बाग. कर्ज नसतं आणि पैसे ७ टक्क्यांच्या ठेवीत जाणार असते, तर याच शीटमधून मी नवी बाग सांगितली असती. कर्ज ६ लाखांपेक्षा कमी असेल तर उरलेल्या पैशाला ७ लागू पडतील, तो भाग अजून शीटमध्ये घालायचा आहे. शिल्लक किती ते दाजी पासबुक बघून सांगणार आहेत.

एक कच्चा दुवा मला अजून खुपतो. चौथ्या वर्षीची ती ४ लाखांची बागेची किंमत. ती काढून टाकली की नव्या बागेचा दर १४.८ वरून ५.८ टक्क्यांवर येतो. म्हणजे या दरातला मोठा वाटा अजून न झालेल्या विक्रीच्या अंदाजावर उभा आहे. अशी रक्कम पिकाच्या आकड्यात न मिसळता वेगळ्या ओळीत ठेवावी, म्हणजे ती हलवून बघता येते. मी आधी ९ असा एकच आकडा लिहिला होता, आता तोडला.

वेगळ्या ओळीचा फायदा लगेच झाला, कारण दाजींनी सहज सांगितलं की नव्या बागेचा माल ते बेदाण्याला घालणार आणि बेदाणा एप्रिलमध्ये न विकता कोल्ड स्टोरेजला ठेवून दिवाळीच्या सुमाराला सौद्यात काढणार. जुन्या बागेची द्राक्षं मात्र तोडणीलाच व्यापाऱ्याला. वार्षिक ओळींत ही सहा महिन्यांची सरक दाखवता येत नाही, त्यामुळे XIRR कडे वळलो. तिला रकमेसोबत तारीख द्यायची असते आणि ती दिवस मोजून ३६५ ने भागते. रिकाम्या वर्षाची ओळ लागतच नाही, तारीखच सगळं सांगते.

E मध्ये तारखा, F मध्ये रकमा. १ एप्रिल २०२६ ला उणे १०, मग १ ऑक्टोबर २०२८, २०२९ आणि २०३० ला २, ५, ५, आणि बागेचे ४ लाख १ एप्रिल २०३० च्या वेगळ्या ओळीत. पहिली ओळ सोडून बाकीचा क्रम मागेपुढे चालतो, फक्त कुठलीच तारीख पहिलीच्या आधीची नको.

```
=XIRR(F2:F6,E2:E6)
```

पहिल्यांदा `#VALUE!` आला. तारखा मी टिंब देऊन 01.04.2026 अशा लिहिल्या होत्या, त्या मजकूर म्हणून बसल्या. सेलमध्ये डावीकडे चिकटलेली तारीख दिसली की समजायचं ती तारीख नाही. रेघ देऊन पुन्हा लिहिल्या आणि दर आला १३.२ टक्के. १४.८ वरून दीड टक्का फक्त वाट बघण्यात गेला. ७ टक्क्यांनी XNPV, म्हणजे तारखांवरून आजची किंमत, काढली तर नव्या बागेचा फायदा २.६९ वरून २.३७ लाखांवर, म्हणजे ३२ हजार कमी. जुनीवरची ३८ हजारांची आघाडी ६ हजारांवर आली.

दाजी माल ठेवतात ते दर वाढेल म्हणून. किती वाढला म्हणजे बरोबरी, हे आता सांगता येतं. ७ टक्क्यांनी सहा महिन्यांचे साधारण ३.५ टक्के होतात, आणि डोक्यावर १२ टक्क्यांचं कर्ज असताना ५.८. स्टोरेजचं भाडं आणि वजनातली घट यावर वेगळी. ही ओळ शीटमध्ये सगळ्यात वर, पिवळ्या रंगात ठेवली आहे, कारण सौद्याच्या दिवशी दाजींना मोबाइलवर तेवढीच एक सेल बघायची असते.