यूपीआय पिन लॉक झाला आणि गाडी एटीएम कार्डापाशी अडली

बँकेत गेलं की म्हणतात ॲपचा प्रॉब्लेम आहे, आणि ॲपमध्ये तक्रार टाकली की उत्तर येतं, आपल्या बँकेशी संपर्क साधा. अण्णांचं यूपीआय बंद पडलं तेव्हा या दोघांमध्ये आमची जी फरफट झाली, तिचा राग अजून गेलेला नाही. नेमकं काय अडलंय हे कुणीतरी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर काम त्याच दिवशी झालं असतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमचं सोलापुरात चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे. माल अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून येतो आणि त्यांचे पैसे अण्णा यूपीआयने पाठवतात. अण्णांनी नवीन फोन घेतला, त्यात सिम टाकलं, ॲप चालू केलं. जुनाच पिन चालला, चहावाल्याचे पैसेही गेले. दुपारी कारखान्याचे 18,500 रुपये पाठवायला घेतले तर व्यवहार नाकारला गेला. लिमिट ओलांडली, असा संदेश होता.

अण्णांचं म्हणणं, "दिवसाला एक लाखाची लिमिट असते की, मी तर आज काहीच पाठवलं नाही." एक लाख ही एरवीची मर्यादा झाली. फोन किंवा सिम बदलून यूपीआयची पुन्हा नोंदणी केली की बऱ्याच बँका पहिले 24 तास मिळून फक्त 5,000 रुपये जाऊ देतात. आयफोन असेल तर काही बँका हीच मुदत 72 तास धरतात. कुणी तुमचं सिम उचलून दुसऱ्या फोनात टाकलं तर खातं रिकामं होऊ नये म्हणून ही सोय आहे, आणि ती योग्यच आहे. 5,000 हा आकडा त्या मुदतीतल्या एकूण रकमेचा असतो, त्यामुळे 18,500 चे चार तुकडे करून उपयोग होत नाही. ॲप बदलूनही होत नाही, कारण आडकाठी बँकेची असते. इथे उपाय एकच, थांबायचं. कारखान्याला घाई असेल तर नेट बँकिंगने एनईएफटी करा किंवा चेक द्या.

पण दुकानात उभ्या असलेल्या एका ओळखीच्यांनी सल्ला दिला, "पिन चुकत असेल, परत टाका." अण्णांची दोन बँकांत खाती आहेत, पेन्शनचं एक आणि दुकानाचं एक. दोन्हींचा पिन वेगळा. गडबडीत पेन्शनच्या खात्याचा पिन दुकानाच्या खात्याला टाकला गेला, तोही पुन्हा पुन्हा. पिन लॉक झाला. म्हणजे जे काम नुसतं थांबून झालं असतं, त्यात दुसरंच कुलूप लागलं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, जी मला नंतर कळली. अडचण पिनची आहे की लिमिटची हे ओळखायचं असेल तर पैसे पुन्हा पाठवू नका, एकदाच बॅलन्स बघा. बॅलन्सलाही तोच पिन लागतो. बॅलन्स दिसला तर पिन बरोबर आहे, अडचण दुसरीकडे आहे. नाही दिसला तर तिथेच थांबा, कारण तोही एक चुकीचा प्रयत्न म्हणून मोजला जातो. साधारण तीन चुका झाल्या की खात्याचा यूपीआय पिन लॉक होतो. काही ॲपमध्ये व्यवहाराच्या तपशिलात कोड दिसतो: ZM म्हणजे पिन चुकला, Z6 म्हणजे चुकांची मर्यादा संपली, Z8 म्हणजे रक्कम बँकेच्या मर्यादेबाहेर. बँकेत जाताना हा कोड सांगितला तर समोरच्याला टोलवाटोलवी करता येत नाही.

लॉक बहुतेक बँकांत 24 तासांनी आपोआप सुटतो. पण कुठला पिन कुठल्या खात्याचा याचीच अण्णांना खात्री उरली नव्हती, म्हणून रीसेट करणं भाग होतं. आणि आमची खरी अडचण इथून सुरू झाली.

ॲपमध्ये खातं उघडून 'पिन विसरलात' वर गेलं की दोन वाटा दिसतात. पहिली एटीएम कार्डाची: कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्ड संपण्याचा महिना-वर्ष, मग ओटीपी, मग नवा पिन दोनदा. काही बँका मध्येच कार्डाचा एटीएम पिनही मागतात. अण्णांच्या पाकिटातल्या कार्डाची मुदत संपलेली होती. नवं कार्ड पोस्टाने आलेलं, कपाटात पाकिटासकट पडलेलं. पाकीट फोडलं, आकडे टाकले, तर कार्डाचे तपशील चुकीचे आहेत असा संदेश. आकडे मी स्वतः कार्डावर बोट ठेवून तपासले, सगळे बरोबर होते.

दुसरी वाट आधारची: आधारचे पहिले सहा आकडे टाकायचे, मग एक ओटीपी आधारकडून आणि एक बँकेकडून येतो. त्यासाठी खात्याला आधार जोडलेलं लागतं आणि आधारला असलेला मोबाइल नंबर बँकेत असलेलाच लागतो. अण्णांच्या आधारला कधीकाळचा जुना नंबर आहे. ती वाट बंद.

शाखेत गेलो. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "काका, यूपीआयचं आमच्याकडे काही नसतं, ॲपवाल्यांना विचारा." हे साफ चूक आहे. यूपीआय पिन बँकेचा असतो आणि खात्याला चिकटलेला असतो. एका ॲपमध्ये बदलला की सगळ्या ॲपमध्ये बदलतो, एकात लॉक झाला की सगळीकडे लॉक. ॲपवाल्याच्या हातात तो नसतोच. पुन्हा रांगेत उभं राहून मी प्रश्न बदलला. यूपीआयचं नावच काढलं नाही, "हे नवं कार्ड चालू आहे का ते बघा," एवढंच म्हटलं. दुसऱ्या टेबलावरच्या साहेबांनी स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "कार्ड ॲक्टिव्हच नाही. एटीएममध्ये जाऊन पिन तयार करा."

बस, एवढंच होतं! शाखेच्या बाहेरच्याच एटीएममध्ये कार्ड घातलं, पिन तयार करण्याचा पर्याय निवडला, बँकेतल्या मोबाइल नंबरवर ओटीपी आला, कार्डाचा पिन ठरवला. नंतर ॲपमध्ये तेच सहा आकडे टाकले आणि या वेळी ओटीपी आला. नवा यूपीआय पिन झाला, लॉकही सुटला. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच अण्णांना बॅलन्स बघायला लावला.

मात्र पिन रीसेट केल्यावरही काही बँका 24 तास लिमिट कमी ठेवतात. म्हणून 18,500 लगेच पाठवू दिले नाहीत, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाठवले आणि एका झटक्यात गेले.

मधल्या काळात किरकोळ खर्चाला पेन्शनचं खातं चाललं, कारण लॉक एकाच खात्याचा होता. ज्यांचं एकच खातं आहे त्यांनी यूपीआय लाइटमध्ये आधीच थोडे पैसे भरून ठेवावेत. त्यातून 1,000 रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो.

आणखी एक. शेजाऱ्यांनी इंटरनेटवर शोधून कस्टमर केअरचा नंबर आणून दिला होता, तो मी लावला नाही. नंबर बँकेच्या पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा. पिन रीसेट करायला कुणालाही पिन किंवा ओटीपी सांगावा लागत नाही, दोन्ही आपल्याच फोनवर आपल्याच हाताने टाकायचे असतात.

घरात कुणाचं नवं एटीएम कार्ड पाकिटात तसंच पडलं असेल तर आजच एटीएममध्ये नेऊन चालू करून आणा. जुन्या कार्डाचं यूपीआय चालतंय म्हणून थांबू नका, ते चालतंय तोवर कार्डाची गरजच लागत नाही, आणि लागते ती नेमकी पिन अडकल्यावर.