सरासरी ६.५ टक्के की ७.७३ टक्के? रोख्यांच्या हिशेबाचा माझा अनुभव

सोलापुरात नवी पेठेतील कार्यालयात आमच्या कर्मचारी निधीचा मार्चअखेरचा हिशेब करताना, रोख्यांच्या संपूर्ण संचाचे यील्ड, म्हणजे गुंतवणुकीवर मिळणाऱ्या परताव्याचा वार्षिक दर, आणि ड्युरेशन, म्हणजे पैसे परत मिळण्याची सरासरी मुदत, एकेका आकड्यात मांडण्याचे काम या वर्षी माझ्याकडे आले. संचात दोनच कागद होते: एका वर्षात फिटणारे, ५ टक्के यील्डचे ट्रेझरी बिल आणि १० वर्षांनी एकरकमी फिटणारी, मध्ये व्याज न देणारी, ८ टक्के यील्डची सरकारी स्ट्रिप. दोन्हींचे बाजारमूल्य प्रत्येकी ५० लाख रुपये होते.

सुरुवातीला मी मुदतीअंती मिळणाऱ्या रकमा, म्हणजे ५२.५ लाख आणि सुमारे १०८ लाख, भार म्हणून धरल्या आणि यील्ड ७.०२ टक्के, ड्युरेशन ७.०६ वर्षे काढले. हे चूक होते, कारण स्ट्रिपमध्ये आज गुंतलेले पैसे ५० लाखच आहेत. बाजारमूल्याचा भार दिल्यावर यील्ड ६.५ टक्के आणि ड्युरेशन ५.५ वर्षे आले.

कागद पाहून आमचे ज्येष्ठ विश्वस्त अप्पा म्हणाले, "या साडेसहा टक्क्यांनी दोन्ही येणी आजच्या किमतीत आणून बघ. शंभर लाख येतात का?" मी करून पाहिले, तर १०६.८ लाख आले. बेरीज नेमकी १०० लाख करणारा दर शोधला, तो ७.७३ टक्के निघाला.

एवढा फरक का पडतो, हे समजून घेण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली, आणि मला वाटते ती सार्थकी लागली. पाच टक्क्यांवर पैसे एकच वर्ष राहतात, आठ टक्क्यांवर दहा वर्षे. त्यामुळे संपूर्ण मुदतीच्या दरात आठ टक्क्यांचे वजन कितीतरी अधिक असते. बाजारमूल्याला ड्युरेशनने गुणून भार दिला, तर (५०×१×५ + ५०×१०×८) ÷ (५०×१ + ५०×१०) म्हणजे ७.७३ हाच आकडा मिळतो. मात्र साडेसहा टक्के खोटे नाहीत: दर जैसे थे राहिले, तर येत्या वर्षी निधी अडीच अधिक चार, असा साडेसहा लाखांनीच वाढेल. दोन कागदांच्या यील्डमध्ये आणि मुदतीत अंतर कमी असते, तर दोन्ही आकडे जवळजवळ जुळले असते.

ड्युरेशनच्या सरासरीची अडचण निराळी आहे. व्याजदरातील बदलासाठी लागणारे सुधारित ड्युरेशन ५.११ येते, म्हणून दर १ टक्क्याने वाढल्यास ५.११ लाखांचा तोटा दिसतो; पण ते गणित दोन्ही मुदतींचे दर सारखेच वाढतील असे गृहीत धरते. मी प्रत्येक कागदाची किंमत नव्याने काढली. दोन्ही दर वाढल्यास तोटा ४.८७ लाख, कारण दर वाढत गेला की किंमत उतरण्याचा वेग मंदावतो. फक्त दहा वर्षांचा दर वाढल्यास ४.४० लाख आणि फक्त एका वर्षाचा वाढल्यास अवघे ४७ हजार. अप्पांच्या सूचनेवरून मी ५.११ या आकड्याखालीच हे तिन्ही तोटे वेगवेगळ्या ओळींत लिहिले, आणि यील्डच्या रकान्यात ६.५ व ७.७३ हे दोन्ही आकडे, कोणता कशासाठी याच्या नोंदीसह, ठेवले.