"आता पुढची माहिती माझी मैत्रीण सांगेल"

एवढं म्हणून माझी एक विद्यार्थिनी गप्प झाली. मैत्रीण जमिनीकडे बघत मनातल्या मनात आपली वाक्यं घोकत होती. चार-पाच सेकंद कुणीच बोललं नाही. खानापुरात आज दोघींच्या पाण्याच्या गाळणीच्या प्रकल्पाच्या सादरीकरणाची तालीम होती, आणि ती शांतता माझ्या डोक्यातून जाईना.

मधल्या सुट्टीत तिघी बसलो. पहिल्या मुलीचं शेवटचं वाक्य बदललं: "माती वाळूत अडकली, पण पाण्याचा वास काही गेला नाही." लगेच दुसरी: "तो वास घालवायला आम्ही खाली कोळशाचा थर दिला." मैत्रिणीचं नाव घ्यायची गरजच उरली नाही. पहिलीनं अडचण ठेवायची, दुसरीनं ती उचलायची.

ही जोडवाक्यं मात्र दोघींनीही शब्दशः पाठ करायची. बाकीचं आपापल्या शब्दांत चालतं. पण जोडवाक्य बदललं की दुसरीला सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. आणि एक बोलताना दुसरीनं तिच्याकडे बघायचं, गढूळ पाण्याची बाटली वर धरायची.

तिसऱ्या वेळी पहिली नेमकी शेवटचं वाक्य विसरली. दुसरी सहज म्हणाली, "पण वास राहिलाच होता, नाही का?" आणि पुढे निघाली! माझ्या अंगावर काटा आला.

जाताना एकीनं विचारलं, "बाई, परीक्षकांनी माझ्या भागातला प्रश्न हिलाच विचारला तर?"

उद्या दोघींचे भाग अदलाबदल करून तालीम घेणार आहे. तुम्ही मुलांकडून हे कसं करून घेता?