होर्डिंगवरची जाहिरात बदलताना काळ्या अक्षरांनी दाखवलेली वाट

फोटोत रस्त्याकडेचं होर्डिंग होतं, खालून तिरकं टिपलेलं. उजव्या बाजूला उतरत्या उन्हाची चमक. जुन्या जाहिरातीच्या जागी नवी बसवायची होती.

कोन जुळवणं सोपं गेलं. होर्डिंग वीस बाय दहा फुटांचं असल्याने नवी जाहिरात आधी २:१ मापात तयार केली, फोटोशॉपमध्ये तिचं स्मार्ट ऑब्जेक्ट केलं आणि डिस्टॉर्टने चार कोपरे चौकटीच्या कोपऱ्यांवर नेले. माप चुकलं असतं, तर कोपरे बरोबर बसूनही बोधचिन्हातलं वर्तुळ चेपलेलं दिसलं असतं. फ्लेक्सची खालची कड मध्ये किंचित झोळ खात होती, तेवढी वॉर्पने ओढली.

तरीही जाहिरात चिकटवल्यासारखीच दिसत होती. मी चमकेसाठी पांढऱ्या रंगाचा उतरता ग्रेडियंट टाकून पाहिला. त्याने नुसतं धुकं पसरल्यासारखं झालं. मग मूळ फोटो पुन्हा नीट पाहिला. जुन्या जाहिरातीत पांढऱ्यावर काळी मोठी अक्षरं होती. काळी शाई स्वतः फारसा प्रकाश परतवत नाही, म्हणजे तिच्यावर जो उजेड दिसतो तो जवळजवळ सगळा वरची चमकच! आयड्रॉपरने मोजलं: डावीकडच्या अक्षरात २५५ पैकी २५ च्या आसपास, उजवीकडच्या शेवटच्या अक्षरात लाल १२८, हिरवा ११९, निळा ९८. चमक पांढरी नव्हतीच, पिवळसर होती, आणि वाढत होती तीही एकसारखी नव्हे, शेवटच्या तिसऱ्या भागात एकदम.

सात अक्षरांवरचे रंग घेऊन मऊ ब्रशने नव्या लेयरवर त्या त्या जागी भरले, ब्लर केले आणि मोड स्क्रीन ठेवला. नव्या जाहिरातीतला गडद निळा उजवीकडे आपोआप फिका पडला, पांढरा मात्र जवळपास तसाच राहिला. खऱ्या चमकेत असंच होतं.

सुरकुत्या मात्र पांढऱ्या भागातून मिळाल्या, कारण सावली पांढऱ्यावर स्वच्छ उमटते. तो भाग रंगहीन करून, अक्षरांच्या जागा शेजारच्या पट्ट्यातून क्लोन स्टॅम्पने भरून, मल्टिप्लाय मोडमध्ये चमकेच्या खाली ठेवला. जोडाची शिवण आणि दोरीच्या छिद्रांखालचे पावसाचे ओघळही त्यातच आले. सावलीचा लेयर वर ठेवला, की चमकसुद्धा काळवंडते. माझा पहिला प्रयत्न तिथेच फसला होता.

उन्हात छपाईतला पिवळा आणि गुलाबी आधी उडतो, म्हणून लाल रंगाची तीव्रता थोडी उतरवली. शेवटी शंभर टक्के झूमवर पाहिलं, तर नवी अक्षरं शेजारच्या खांबापेक्षा जास्त धारदार होती. अर्ध्या पिक्सेलचा ब्लर आणि फोटोइतकं नॉइज दिल्यावर ती खांबाच्या पंक्तीत बसली.