आमची वाटचाल: ‘रजेवर आहे’ हे उत्तर कसं वाचायचं

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये गेज आणि इन्स्पेक्शन फिक्स्चर, म्हणजे पार्ट मापात आहे की नाही हे तपासायची साधनं, बनतात. ऑटो पार्ट बनवणाऱ्या कारखान्यांचे क्वालिटी हेड आणि पर्चेसची माणसं हे आमचं गिऱ्हाईक. सुरुवातीची कामं ओळखीतून आली. नंतर चाकण, साणंद, होसूर इथल्या अनोळखी कारखान्यांना आम्ही मेल पाठवू लागलो. एका माणसाला एकूण चार मेल जातात. पहिल्यानंतर पाच दिवसांनी दुसरा, त्यानंतर सात दिवसांनी तिसरा आणि मग बारा दिवसांनी शेवटचा. मजकूर आम्ही अनेकदा बदलून पाहिला, पण कामाची पद्धत खरी बदलली ती आपोआप येणारी उत्तरं नीट वाचायला लागल्यावर.

असं उत्तर दोनच गोष्टी सांगतं: माणूस कधी भेटेल, आणि त्या खुर्चीत सध्या कोण आहे. त्याला आपल्या मालात रस आहे की नाही, याबद्दल त्यात काहीच नसतं. म्हणून त्यावरून तारीख बदलावी, गरज असेल तर नाव बदलावं, पण होकार किंवा नकार धरू नये. मेल पाठवणारी बरीचशी सॉफ्टवेअरं नेमकी इथे चुकतात. काही ऑटो-रिप्लायला खरं उत्तर समजून पुढचे मेल कायमचे थांबवतात, त्यामुळे चांगलं गिऱ्हाईक यादीतून गळतं. काही त्याकडे लक्षच देत नाहीत, मग माणूस सुट्टीवर असताना तिसरा आणि चौथा मेलही ढिगात जाऊन पडतो.

उत्तर यंत्राने पाठवलंय की माणसाने, हे विषयाच्या ओळीवरून ओळखता येतंच असं नाही. आउटलुक ‘Automatic reply:’ असं लावतं, पण सगळीकडे तसं नसतं. मेलचं मूळ रूप उघडलं की बहुतेक वेळा ही ओळ सापडते, फक्त कधी ‘auto-replied’च्या जागी ‘auto-generated’ असतं:

```
Auto-Submitted: auto-replied
```

RFC 3834 या २००४ सालच्या इंटरनेट मानकात ही खूण ठरवून दिलेली आहे. फिल्टर तिच्यावर लावावा, पण निर्णय तिच्यावर सोडू नये. ‘तुमची विनंती मिळाली, तिकीट नंबर अमुक’ अशा पोचपावतीवरही ती असते आणि ‘मी कंपनी सोडली आहे’ या उत्तरावरही असते. म्हणून फिल्टर ही उत्तरं एका फोल्डरमध्ये काढतो, त्या माणसाचे पुढचे मेल थांबवतो, आणि रोज सकाळी आमच्यापैकी एक जण ती वाचतो. वाचून शीटमध्ये तीनच गोष्टी लिहायच्या: परत येण्याची तारीख, दुसरं नाव दिलं असेल तर ते कोणत्या नात्याने दिलंय, आणि पुढच्या मेलची तारीख. रजेचं कारण लिहायचं नाही. आजारपण, घरातलं दुःख, बाळंतपण असं काही लोक मोकळेपणाने लिहितात. ते त्यांनी त्यांच्या नेहमीच्या माणसांसाठी लिहिलेलं असतं, आमच्या शीटसाठी नाही.

आता एक उदाहरण तारखांसकट पाहू. चाकणच्या एका क्वालिटी हेडना पहिला मेल १३ ऑक्टोबर २०२५, सोमवारी गेला. दुसरा शनिवारी, १८ तारखेला, म्हणजे धनत्रयोदशीला. त्याच दिवशी उत्तर आलं: १८/१० ते २७/१० रजेवर, तातडीच्या कामासाठी अमुक यांना फोन करा. मूळ वेळापत्रकाप्रमाणे तिसरा मेल २५ ऑक्टोबरला आणि चौथा ६ नोव्हेंबरला जायचा होता.

पहिला प्रश्न ‘२७ पर्यंत’चा. २७ तारीख रजेत धरायची की त्या दिवशी साहेब कामावर? मजकुरात खुलासा नसेल तर आम्ही ती रजेत धरतो. एक दिवस उशीर झाला तर बिघडत नाही, पण एक दिवस आधी गेलेला मेल ढिगात जातो. म्हणजे परत येणार मंगळवारी, २८ ला. त्यानंतर पूर्ण दोन कामाचे दिवस सोडायचे, कारण त्यात साठलेले मेल उपसले जातात आणि अनोळखी माणसाचा मेल सगळ्यात आधी उडवला जातो. २८ आणि २९ असे गेले. ३० ला गुरुवार, आणि आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. ३१ ला महिनाअखेर, डिस्पॅचची घाई, क्वालिटीवाला माणूस लाइनवर उभा असतो. म्हणून तिसरा मेल सोमवारी, ३ नोव्हेंबरला.

चौथ्या मेलची तारीखही हलवावी लागते, आणि हेच बऱ्याचदा राहून जातं. तिसरा ३ ला गेला आणि चौथा जुन्या तारखेप्रमाणे ६ ला गेला, तर तीन दिवसांत दोन मेल होतात आणि माणूस वैतागतो. जपायचं ते मेलमधलं अंतर. बारा दिवस मोजले की १५ नोव्हेंबर, शनिवार येतो, आणि त्यांचा कारखाना शनिवारी चालू असतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘पॉज’ केल्यावर पुढच्या तारखा आपोआप सरकतात की जुन्याच राहतात, हे स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर मेल पाठवून एकदा तपासून घ्यावं.

तिसऱ्या मेलचा मजकूरही थोडा बदलतो. ‘आधीच्या मेलमध्ये लिहिल्याप्रमाणे’ ही सुरुवात काढून टाकतो, कारण आधीचा मेल वाचला गेला नसणार असंच धरायचं. त्याच धाग्यात, पण मुद्दा पुन्हा दोन ओळींत पूर्ण मांडायचा: कोणत्या पार्टसाठी कोणतं गेज, आणि किती दिवसांत. ‘सुट्टी छान गेली असेल’ असं आम्ही लिहीत नाही. ज्याची आपल्याशी ओळख नाही, त्याला त्यातून पाळत ठेवल्यासारखं वाटतं.

परदेशी पत्ता असेल तर तारखेचा क्रम आधी तपासायचा. अमेरिकेतल्या माणसाचं 03/04 म्हणजे ४ मार्च, आपल्याकडे ३ एप्रिल. जर्मनीत काही ठिकाणी रजेच्या काळात आलेला मेल पुसूनच टाकला जातो. डाइम्लर कंपनीने २०१४ मध्ये अशी सोय सुरू केल्याचं तेव्हा गाजलं होतं. उत्तरात ‘gelöscht’, म्हणजे ‘पुसला’, हा शब्द दिसला, तर तो मेल गेलाच नाही असं समजून परतीनंतर पुन्हा मुळापासून पाठवावा लागतो.

ऑटो-रिप्लाय आला नाही म्हणजे माणूस जागेवर आहे, असंही नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज या मेल सर्व्हरवर रजेचं उत्तर एका पाठवणाऱ्याला त्या रजेत एकदाच जातं. जीमेलमध्ये तोच माणूस पुन्हा लिहीत राहिला तरी चार दिवसांतून एकदाच. शिवाय कंपनीबाहेरच्यांना उत्तर जाऊ न देण्याची सोय दोन्हीकडे आहे. त्यामुळे दुसऱ्या मेलला उत्तर आलं आणि तिसऱ्याला आलं नाही, यावरून साहेब परत आले असा अर्थ काढता येत नाही. शीटमधली तारीखच धरायची.

उत्तरात दिलेल्या दुसऱ्या नावाचं काय करायचं? ते नाव ‘तातडीसाठी’ दिलं असेल तर आम्ही त्याला हात लावत नाही. आमचा पहिला परिचय हे कुणाचंही तातडीचं काम नसतं. रजा लांबची असेल तेव्हा मात्र गोष्ट वेगळी. बाळंतपणाची पगारी रजा २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांपर्यंत आहे. एवढा काळ जो माणूस ते काम पाहणार आहे, त्याला पहिल्या मेलपासून, त्याच्या नावाने, वेगळी मालिका सुरू करतो. मूळ व्यक्तीचे उरलेले मेल बंद करतो.

आता नोकरी बदलण्याच्या खुणा. सगळ्यात स्पष्ट खूण म्हणजे ‘मी आता या कंपनीत नाही’ असं उत्तर. त्यानंतर बाउन्स, म्हणजे न पोचता परत आलेला मेल, आणि त्यात आकडा वाचल्याशिवाय काहीही ठरवू नये. `550 5.1.1` म्हणजे असा पत्ता नाही. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तेच `5.1.10` असं दिसतं, आणि कधी `5.4.1` सोबत ‘Access denied’ असं येतं. वाचताना आपल्याला अडवलंय असं वाटतं, पण बऱ्याचदा तो पत्ताच तिथे उरलेला नसतो. `5.2.2` म्हणजे मेलबॉक्स भरलेला. `5.7.1` मात्र धोरणाने नाकारलं असं सांगतो. तिथे माणूस जागेवर असू शकतो, अडचण आपल्या डोमेनची किंवा मजकुराची असते. तो आकडा पाहून नाव यादीतून काढलं तर गिऱ्हाईकही जातं आणि खरा दोषही तसाच राहतो. एकाच कंपनीचे सगळे पत्ते एका आठवड्यात परत आले, तर बहुधा डोमेन बदललेलं असतं. सगळ्यांनी एकदम नोकरी सोडलेली नसते.

लिंक्डइनवरची सूचना एकटी पुरेशी नसते. त्याच कंपनीत बढती झाली तरी ‘नवीन पद’ दिसतं, कुठल्या समितीवर नाव आलं तरी दिसतं, आणि जुनी नोकरी संपल्याची नोंद लोक सावकाश करतात. म्हणून आम्ही दोन खुणा जुळल्याशिवाय माणूस गेला असं धरत नाही: बाउन्स, प्रोफाइलवरची शेवटची तारीख, किंवा कंपनीच्या रिसेप्शनवर एक फोन. एकच खूण असेल तर चौदा दिवस थांबतो. बोलणं चालू असलेल्या ठिकाणी आणखी एक खूण आधीच मिळते. साहेब प्रत्येक मेलमध्ये एक नवीन नाव सीसीमध्ये ठेवू लागतात. साठ किंवा नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड आपल्याकडे नेहमीचा, आणि त्यात काम सोपवणं असंच दिसतं. अशा वेळी त्या नव्या नावालाही ड्रॉइंग आणि कोटेशन पोचलंय ना, हे पाहून घ्यायचं.

माणूस गेला हे नक्की झालं की एका नोंदीच्या दोन होतात. जुन्या खुर्चीत आलेल्या व्यक्तीला पहिला मेल जातो. आधीच्यांशी खरं बोलणं झालेलं असेल, म्हणजे ड्रॉइंग आलं असेल किंवा कोटेशन गेलं असेल, तरच त्यांचा उल्लेख करतो. नुसते एकतर्फी मेल गेले असतील तर ‘तुमच्या आधीच्या साहेबांशी संपर्कात होतो’ असं लिहिणं खोटं आहे.

गेलेल्या माणसाचा नवा पत्ता नाव आणि डोमेन जोडून अंदाजाने बनवायचा नाही. चुकले की बाउन्स वाढतात आणि बाउन्स वाढले की आपले चांगले मेलही स्पॅममध्ये जाऊ लागतात. पत्ता त्यांच्याकडूनच मिळवायचा. आणि घाई करायची नाही. आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं क्वालिटीचं मानक पाळणाऱ्या कारखान्यात पुरवठादार निवडण्याची ठरलेली प्रक्रिया असते. नवा क्वालिटी हेड रुजू झाल्या आठवड्यात गेजचा व्हेंडर बदलू शकत नाही, त्याला आधी प्लांटच समजून घ्यायचा असतो. आम्ही रुजू झाल्यापासून सहा ते आठ आठवडे सोडतो. आधीची ओळख असेल तर त्याआधी दोन ओळींचं अभिनंदन जातं, त्यात माल नाही, कॅटलॉग नाही. मग एकच मेल, मालिका नाही. त्यात आधीच्या कंपनीत त्यांच्यासाठी कोणत्या प्रकारचं गेज केलं होतं एवढी आठवण असते. तिथलं ड्रॉइंग किंवा पार्ट नंबर मात्र कधीच नाही, तो आधीच्या कंपनीचा ऐवज आहे.