आकाशगंगा: 20 सेकंदांवरून 8 वर

फोनच्या फोटोत वृश्चिकेतली ज्येष्ठा एकदाची गोल आली! मागच्या नोंदीतला, शटर 20 सेकंद उघडं ठेवून काढलेला वृश्चिकेचा फोटो आठवत असेल, त्यात एकूणएक तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट होता. कुणी फोकसवर बोट ठेवलं, कुणी माळशेजच्या वाऱ्यावर, तर कुणी माझ्या स्प्रिंगवाल्या क्लॅम्पवर. क्लॅम्प भिकारच आहे, त्याबद्दल वाद नाही (घ्यायचाच तर स्क्रूने आवळायचा घ्या). पण या वेळी तो निर्दोष सुटला.

खात्री करायला तोच क्लॅम्प, तेच 20 सेकंद ठेवून फोन उत्तरेकडे वळवला. आपल्याकडे ध्रुवतारा जेमतेम 19 अंशांवर असतो, त्यामुळे डोंगराच्या कडेसकट फ्रेममध्ये बसतो. ध्रुवाजवळचे तारे अगदी ठिपके, आणि कडेला जावं तसतसे लांबट. फोन हलला असता तर सगळे तारे एकाच दिशेने, सारख्याच लांबीने ताणले गेले असते. फोकस चुकला असता तर सगळीकडे गोल, पसरट डाग दिसले असते. मधले ठिपके आणि कडेचे लांबट, म्हणजे पृथ्वीचं फिरणं.

आता हे 20 सेकंद आले कुठून? 500च्या सूत्रातून, म्हणजे 500 ला लेन्सच्या नाभीय अंतराने भागून शटर किती सेकंद उघडं ठेवायचं ते काढायचं. फोनची मुख्य लेन्स 25 मिमी समतुल्य, म्हणून 500 भागिले 25. हे सूत्र 35 मिमी फिल्मच्या अंदाजाचं आहे; त्यात तारा फिल्मवर 0.036 मिमी सरकलेला चालतो. फोनच्या सेन्सरवर तेवढ्याच वेळात तो साधारण 0.009 मिमीच सरकतो, पण माझा पिक्सेल शेजारचे पिक्सेल एकत्र करणाऱ्या बिनिंगनंतरही 2 मायक्रॉनचा आहे. म्हणजे चार-साडेचार पिक्सेलची रेघ.

म्हणून सूत्र बाजूला ठेवून थेट पिक्सेलवरून हिशोब केला. खरं नाभीय अंतर सुमारे 6 मिमी, पिक्सेल 2 मायक्रॉन, तर एका पिक्सेलमध्ये आकाशाचे अंदाजे 69 विकला मावतात; विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग. ध्रुवापासून 90 अंशांवरच्या वैषुविक वृत्तावरचा तारा सेकंदाला 15 विकला सरकतो, म्हणजे साधारण साडेचार सेकंदांत एक पिक्सेल. ज्येष्ठा वैषुविक वृत्ताच्या 26 अंश दक्षिणेला असल्यामुळे तिथे वेग दहाएक टक्के कमी. 8 सेकंदांत ती दीड पिक्सेल सरकते, आणि लेन्सचा स्वतःचा धूसरपणाच जवळजवळ तेवढा असल्याने ते सरकणं त्यात लपून जातं. बिनिंगशिवाय 50 मेगापिक्सेलवर शूट करणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा, तुमचा पिक्सेल निम्मा, म्हणून वेळही निम्मा.

8 सेकंदांत उजेड कमी पडतो, तो स्टॅकिंगने, म्हणजे अनेक फ्रेम्स एकावर एक रचून, भरून काढला. 60 रॉ फ्रेम्स, एकूण 8 मिनिटं, त्यामुळे नॉइज साधारण पावणेआठ पटीने खाली. या 8 मिनिटांत धनू-वृश्चिकेचा भाग नव्वदेक पिक्सेल सरकतो. Sequator हे स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर तारे जुळवतं, पण मग डोंगर फरफटतो. त्यावर उपाय त्यातलाच Freeze ground हा पर्याय. फुकटात यापेक्षा चांगलं सॉफ्टवेअर मी तरी पाहिलेलं नाही. कोपऱ्यांतले तारे अजून किंचित फाटतात, कारण कडेला लेन्स चित्र वेगळ्या प्रमाणात ताणते आणि तारा मध्यापासून दूर गेला की नुसतं सरकवून तो जुळत नाही. सध्या कोपरे सरळ कापतोय.

हे लिहिता लिहिताच सुचलं, याच 60 फ्रेम्स न जुळवता StarStaX मध्ये Lighten करून, म्हणजे प्रत्येक जागी सगळ्यांत उजळ पिक्सेल ठेवून, टाकल्या तर? टाकल्या. दोन अंशांच्या छोट्या रेषा, पण एकसंध! माझे जुने स्टार ट्रेल तुटक का यायचे, तेही तिथेच उलगडलं. तेव्हा JPEG घेत होतो आणि फोन 8 सेकंदांच्या प्रत्येक शॉटनंतर तेवढाच वेळ नॉइज काढत बसायचा. 8 सेकंदांचं भगदाड म्हणजे पावणेदोन पिक्सेलची मोकळी जागा. नुसत्या रॉवर मधला वेळ सेकंदभराचा, म्हणजे पाव पिक्सेलही नाही. साडेचार सेकंदांना एक पिक्सेल हा आकडा दोन्हीकडे लागू: आकाशगंगेला शटर किती वेळ उघडं ठेवायचं आणि ट्रेलला ते किती वेळ मिटलेलं चालेल.

तेव्हा पुढचा बेत बदलला. भंडारदऱ्याला जाण्याआधी मुलुंडच्या गच्चीवरूनच तासाभराचा ट्रेल, म्हणजे 15 अंशांचे कंस. इथल्या उजळ आकाशात आकाशगंगा विसराच, पण ट्रेलला ठळक तारे पुरतात. शटर 4 सेकंद, ISO 400 पासून सुरुवात, आकाश पांढरं पडलं तर आणखी खाली. सेकंदभराचं मध्यंतर धरून तासाला सातशेवर फ्रेम्स होतील, त्यामुळे स्टोरेज आधी रिकामं करायचंय. रॉवर 1 सेकंदापेक्षा कमी मध्यंतर देणारं अ‍ॅप कुणी वापरत असेल तर कळवा.

भंडारदऱ्याला मूळ नक्षत्राकडे 10 सेकंदही करून बघणार. ते 37 अंश दक्षिणेला आहे, त्यामुळे तिथे पावणेदोन पिक्सेलच सरकायला हवं.